कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत आहे का?

पुण्यातल्या जनता वसाहतीच्या चढावर एका मांडवात टेबल टाकून 'लाडकी बहीण'चे अर्ज भरून घेणं चाललं होतं. २०२४ चा जुलै. ताडपत्रीत साठलेलं पाणी कुणीतरी मधूनच काठीने वर ढकलत होतं आणि ते मागच्या रांगेवर सांडत होतं. रेशनकार्डं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेली, आधारच्या झेरॉक्स ओलसर होऊन एकमेकींना चिकटलेल्या. टेबलावरच्या मुलाने फॉर्म पुढे ओढला आणि नियमातलं वाक्य जवळपास जसंच्या तसं विचारलं, "मावशी, कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत आहे का?" मावशी म्हणाल्या, "आहे की. दीर कार्पोरेशनमध्ये आहे, पर्मनंट." मुलाने फॉर्म बाजूला सारला आणि पुढच्या बाईंना हाक मारली. दोन वाक्यांत सगळं आटोपलं. विचारणाऱ्याने नियमातलंच विचारलं होतं, उत्तर देणारीने खरं तेच सांगितलं होतं, आणि तरीही निकाल चुकीचा होता.

कारण त्या योजनेत दीर कुटुंबात मोडतच नाही. जुलै २०२४ मधल्या सुधारणांनुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली, एवढंच. सासू नाही, दीर नाही, लग्न झालेला मुलगा एकाच छपराखाली राहत असला तरी तोही नाही. पण चढावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईला कुटुंब विचारलं की ती जेवायला बसणारी माणसं मोजते, आणि रेशनकार्डावरही तीच आठ नावं असतात. म्हणून टेबलावर नियमातलं वाक्य जसंच्या तसं न विचारता हो-नाहीच्या प्रश्नांची यादी हवी. पण पात्रतेच्या परिच्छेदातून असे प्रश्न काढायचे तर पहिलं काम प्रश्न लिहिणं हे नाहीच. आधी परिच्छेदातले असे शब्द शोधायचे, ज्यांचा अर्थ शासन निर्णयात एक आणि घरात दुसरा आहे, आणि ते शब्द प्रश्नांतून पार काढून टाकायचे. 'कुटुंब' हा शब्द यादीत एकदाही यायला नको. त्या जागी 'तुम्ही, तुमचे पती किंवा तुमचं लग्न न झालेलं मूल' असं दरवेळी पुरतं लिहायचं. ओळ लांबते, लांबू द्यावी. वर एकदा व्याख्या देऊन खाली आठ वेळा 'कुटुंब' लिहिलं तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत व्याख्या विसरलेली असते, विचारणाऱ्याकडूनसुद्धा.

अर्जदार स्वतःच अविवाहित असेल तर हीच व्याख्या उलटी फिरते. तेवीस वर्षांची लग्न न झालेली मुलगी आई-वडिलांच्या कुटुंबात येते. मग वडिलांचं पेन्शन मोजायचं, आईची कमाई मोजायची, लग्न न झालेल्या धाकट्या भावाच्या नावावरची गाडीही मोजायची. एकाच कागदावर दोघींसाठी 'किंवा' घालत बसलं की प्रश्न वाचवत नाही. त्यापेक्षा दोन कागद करावेत, एक लग्न झालेल्या बाईसाठी, एक अविवाहित मुलीसाठी. झेरॉक्सचे दोन रुपये जास्त जातात.

वैवाहिक स्थितीच्या अटीत आणखी एक गंमत लपलेली आहे. मजकुरात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी ओळीने नावं आहेत आणि शेवटी 'कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला'. वाचणारा सरळ सहा चौकोन काढतो. पण नीट पाहिलं तर पहिल्या पाच नावांनी निकालात काहीच फरक पडत नाही, त्या सगळ्या आतच आहेत. अडतं ते फक्त शेवटच्या ठिकाणी, एका घरात दोन अविवाहित बहिणी अर्जाला आल्या तर. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, आणि तोही फक्त अविवाहित मुलीच्या कागदावर: 'तुमच्या घरातल्या दुसऱ्या अविवाहित बहिणीने अर्ज केला आहे का?' याचा एक फायदा कागदाबाहेरचा आहे. भर रांगेत, शेजारणी ऐकत असताना, 'नवऱ्याने सोडलंय का' हे कुणाला मोठ्याने विचारावं लागत नाही. ज्या माहितीने निकाल बदलत नाही ती पात्रतेच्या यादीत मागूच नये. फॉर्मला हवी असेल तर फॉर्म भरताना हळू आवाजात विचारता येते.

परित्यक्तेच्या बाबतीत एक गाठ मात्र परिच्छेदावरून सुटत नाही. नवरा सहा वर्षं दुसरीकडे राहतोय, कागदोपत्री लग्न कायम आहे, आणि त्याच्या नावावर चारचाकी आहे; ती मोजायची का? अशा ठिकाणी यादी लिहिणाऱ्याने आपल्या मनाने हो किंवा नाही ठरवू नये. त्या ओळीपुढे 'अंगणवाडीच्या सुपरवायझरला विचारा' एवढंच लिहावं. मोकळी सोडलेली जागा एक वेळ चालते, आत्मविश्वासाने भरलेली चुकीची जागा कुणाचा तरी अर्ज खाते.

आता तो सरकारी नोकरीचा नियम. मूळ वाक्य दमछाक करणारं आहे. कुटुंबातील सदस्य नियमित, कायम किंवा कंत्राटी कर्मचारी म्हणून सरकारी विभाग, उपक्रम, मंडळ किंवा स्थानिक संस्थेत कार्यरत असेल, किंवा निवृत्तीनंतर निवृत्तीवेतन घेत असेल, तर बाई अपात्र. मग सुधारणेत 'तथापि' येतं: अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले बाह्य यंत्रणेमार्फत काम करणारे कर्मचारी, स्वयंसेवी कामगार आणि कंत्राटी कर्मचारी पात्र ठरतील. पुण्यात या 'तथापि'ला फार वजन आहे. रस्ते झाडणारे, कचरा उचलणारे, पाण्याच्या टाकीवर, उद्यानात, दवाखान्यात उभे असणारे कितीतरी जण ठेकेदाराकडून येतात. त्यांना विचारलं तर 'कार्पोरेशनमध्ये आहे' हेच उत्तर मिळतं, कारण रोजची हजेरी तिथेच लागते.

अशा वाक्याचे तुकडे पाडताना प्रत्येक 'किंवा'पाशी कात्री लावायची आणि 'तथापि'ला वेगळं काढून ठेवायचं. पेन्शन आणि नोकरी हे दोन प्रश्न, एक नव्हे. नोकरीत पुन्हा दोन जाती: कायम आणि कंत्राटी. कंत्राटी माणूस अपवादात बसतो, पण उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तरच. इथे जरा थांबून पहिल्या अटीकडे बघावं. कुटुंबाचं एकत्रित वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नको, ही अट आधीच आहे. सगळ्यांचं मिळून अडीच लाखांच्या आत असेल, तर त्यातल्या एकट्या कंत्राटी मुलाचं अडीच लाखांच्या वर जाणार कसं? म्हणजे उत्पन्नाचा प्रश्न पार केलेल्या घरात कंत्राटी नोकरीचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. परिच्छेदातल्या सर्वांत किचकट वाक्यातून शेवटी उरतं ते 'पर्मनंट आहे का' आणि 'पेन्शन मिळतं का'. टेबलावरच्या माणसाला ही काटछाट अर्थातच सांगून ठेवावी लागते, नाहीतर तो नियमात 'कंत्राटी' शब्द वाचून पुन्हा तिथेच अडकतो. प्रश्नाखाली बारीक अक्षरात एक ओळ पुरते: 'ठेकेदाराकडून किंवा कंत्राटावर असेल तर नाही लिहा.'

'पर्मनंट' हा शब्द तसाच ठेवावा. 'नियमित आस्थापनेवरील कर्मचारी' असं लिहिलं की मान हलते, पण समजलेलं नसतं.

यानंतर सगळ्यात जास्त घोळ होतो तो होकाराच्या दिशेचा. पात्रतेच्या अटींत 'हो' चांगलं असतं, अपात्रतेच्या अटींत 'हो' वाईट. दोन्ही एका यादीत मिसळल्या की बाई पहिल्या तीन प्रश्नांना हो म्हणते, टेबलावरचा मुलगा खूश होऊन टिका मारतो, आणि चौथ्या 'हो'लाही टीक पडते. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे अपात्रतेचे प्रश्न उलटे करणं: 'चारचाकी नाही ना?' हा उपाय मराठीत हमखास फसतो. 'गाडी नाही ना?' याला 'हो' हेही उत्तर येतं आणि 'नाही' हेही, आणि दोन्हींचा अर्थ गाडी नाही असाच असतो. तेव्हा प्रश्न कायम सरळ विचारायचा, 'नाही' हा शब्द प्रश्नात येऊच द्यायचा नाही, आणि कागदावर दोन चौकटी आखायच्या. वरच्या चौकटीच्या माथ्यावर ठळक अक्षरात 'इथे सगळी उत्तरं हो हवीत', खालच्या चौकटीवर 'इथे सगळी उत्तरं नाही हवीत'. टिका नकोतच. 'हो' किंवा 'नाही' हाताने लिहायचं. लिहिताना माणूस अर्धा क्षण विचार करतो.

वयाचा प्रश्न वयात विचारू नये. 'पासष्टावं लागलं' म्हणणारी बाई चौसष्ट पूर्ण असते आणि नियमाला हवं असतं ते पासष्ट पूर्ण होईपर्यंत. शिवाय एका प्रश्नात दोन टोकं आली की उत्तर देणारी अडखळते. त्यापेक्षा टेबल मांडायच्या दिवशी सकाळीच दोन तारखा काढून ठेवाव्यात. १५ ऑगस्ट २०२४ ला अर्ज भरायचा असेल तर आधारवरची जन्मतारीख १६ ऑगस्ट १९५९ ते १५ ऑगस्ट २००३ यांमध्ये हवी. आता कुणाला वजाबाकी करायची नाही, कार्डावरची तारीख बघायची. बऱ्याच जुन्या आधारकार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं; ते १९५९ किंवा २००३ असेल तरच दाखला मागवायचा, बाकीच्यांना उगाच पळवायचं नाही.

उत्पन्नाचंही तसंच. अडीच लाख वर्षाला म्हणजे महिन्याला वीस हजार आठशे तेहतीस. घरकाम करणारी बाई महिन्याच्या भाषेत बोलते, वर्षाच्या नाही. तेव्हा तिची, नवऱ्याची, लग्न न झालेल्या कमावत्या मुलांची महिन्याची रक्कम ओळीने मांडायची, बेरीज करायची, बाराने गुणायची, आणि दिवाळीचा बोनस वेगळा मिळवायचा. कोथरूड-कर्वेनगरच्या घरांत तो बहुधा एका महिन्याच्या पगाराएवढा असतो. बरोबर अडीच लाख भरलं तर बाई आत असते, कारण अट 'पेक्षा अधिक' अशी आहे. अशा काठावरच्या आकड्यांवर यादी तपासून बघावी. अडीच लाख, अडीच लाख एक रुपया, पासष्टाव्या वाढदिवसाचा आदला दिवस आणि तो दिवस. यादीचं उत्तर आणि मूळ परिच्छेदाचं उत्तर एक आलं नाही तर प्रश्नाचे शब्द चुकलेत.

इथेच पुरावा आणि अट यांची गल्लत होते. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, असं त्या योजनेत आहे. यावरून पुष्कळांनी प्रश्न बनवला, 'केशरी कार्ड आहे का?' हो म्हटलं की आत, नाही म्हटलं की बाहेर. पण कार्ड ही अट नाही, तो दाखल्याऐवजी चालणारा कागद आहे. पांढरं कार्ड असलेली बाईही उत्पन्न बसत असेल तर पात्रच आहे, तिला फक्त तहसीलचा दाखला काढावा लागेल. तेव्हा पात्रतेचा कागद वेगळा आणि कागदपत्रांची यादी वेगळी. पात्रता ठरल्यावरच दुसरा कागद हातात द्यायचा. रहिवासाचंही असंच आहे. 'डोमिसाइल आहे का' हा प्रश्न चुकीचा, 'महाराष्ट्रात राहता का' हा बरोबर. डोमिसाइल नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांतलं एक चालतं. कलबुर्गीहून लग्न होऊन आलेल्या बाईला तर नवऱ्याचे कागद चालतात.

बँकेचा प्रश्न सोपा दिसतो आणि पैसे सर्वांत जास्त तिथेच अडकतात. 'तुमच्या खात्याला आधार जोडलंय का?' याला जवळजवळ प्रत्येकजण हो म्हणते, कारण खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिलेली असते. ती झाली ओळख पटवण्यासाठी. सरकारचे पैसे मात्र ज्या एका खात्याशी आधार क्रमांक पैसे जमा होण्यासाठी जोडलेला आहे तिथेच जातात, फॉर्मवर कोणताही खाते क्रमांक लिहिला तरी. बऱ्याचदा ते जुनं, बचत गटाच्या वेळी उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं निघतं. म्हणून प्रश्न असा हवा: 'आधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` मध्ये दिसणारी बँक आणि तुमच्या हातातल्या पासबुकाची बँक एकच आहे का?' हे मोबाईलवर ओटीपी टाकून बघता येतं; मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर बँकेत जाऊन विचारायचं. अशा बाईचं उत्तर हो किंवा नाही नसून 'माहीत नाही' आहे, आणि यादीत त्यालाही जागा हवी. 'माहीत नाही' म्हणजे अपात्र नव्हे, एवढं तरी कागदावर छापावं, पुढे कुठे चौकशी करायची त्या जागेसकट.

हे सगळं धरून लग्न झालेल्या बाईचा कागद साधारण असा होतो.

सगळी उत्तरं हो हवीत:

१. आधारवरची जन्मतारीख १६ ऑगस्ट १९५९ ते १५ ऑगस्ट २००३ यांमध्ये आहे का?
२. तुम्ही महाराष्ट्रात राहता का?
३. पासबुक फक्त तुमच्या एकटीच्या नावावर आहे का?
४. आधारला जोडलेली बँक आणि पासबुकाची बँक एकच आहे का?

सगळी उत्तरं नाही हवीत:

५. तुमची, तुमच्या पतींची आणि तुमच्या लग्न न झालेल्या मुलांची मिळून वर्षाची कमाई अडीच लाखांच्या वर जाते का?
६. तुम्ही, तुमचे पती किंवा तुमचं लग्न न झालेलं मूल यांपैकी कुणी आयकर भरतं का?
७. तुम्ही, तुमचे पती किंवा तुमचं लग्न न झालेलं मूल यांपैकी कुणी सरकारी, निमसरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत पर्मनंट आहे का?
८. तुम्ही, तुमचे पती किंवा तुमचं लग्न न झालेलं मूल यांपैकी कुणाला सरकारी नोकरीचं पेन्शन मिळतं का?
९. तुम्ही, तुमचे पती किंवा तुमचं लग्न न झालेलं मूल यांपैकी कुणाच्या नावावर चारचाकी आहे का? (ट्रॅक्टर धरू नका)
१०. तुम्हाला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० रुपये किंवा जास्त मिळतात का?

आजी-माजी आमदार-खासदार आणि सरकारी महामंडळांचे अध्यक्ष-सदस्य यांच्याही अटी आहेत. जनता वसाहतीच्या कागदावर त्या तळाला एका ओळीत गेल्या तरी चालतात. क्रम ठरवताना हेच बघायचं, त्या रांगेत कशावर जास्त जणी अडतात आणि कशाचं उत्तर हातातल्या कार्डावरून लगेच मिळतं. दहावा प्रश्न मुद्दाम एकटा ठेवलाय, कारण तिथे नियमाचा कर्ता बदलतो. बाकीच्या अटी घराच्या, ही फक्त बाईची. सासूला संजय गांधी निराधारचे दीड हजार मिळत असतील तर सुनेचं काही अडत नाही, ते सुनेलाच मिळत असतील तर अडतं.

आता त्या मावशी. वय सेहेचाळीस, आधारची बँक आणि पासबुक एक. नवऱ्याची रिक्षा, खर्च जाऊन महिन्याला नऊ हजार उरतात; मावशी दोन घरी पोळ्या करतात, सहा हजार. पंधरा हजारांचे वर्षाला एक लाख ऐंशी हजार, दिवाळीचे सहा हजार धरून एक लाख शहाऐंशी हजार. रिक्षाला तीन चाकं, नवव्या प्रश्नाला नाही. मोठा मुलगा कार्पोरेशनमध्ये ठेकेदाराकडे, सोळा हजार पगार, त्याच्या नावावर जुनी चारचाकी, पण त्याचं लग्न झालंय, म्हणून त्याचा पगारही नाही आणि गाडीही नाही. धाकटी मुलगी बारावीला. दीर पर्मनंट, सासूला दीड हजार, दोघेही मोजायचे नाहीत. रेशनकार्ड केशरी, दाखल्याची गरज नाही. मावशी पात्र.

त्याच मोठ्या मुलाचं लग्न झालेलं नसतं, तर त्याचे वर्षाचे एक लाख ब्याण्णव हजार मिळून बेरीज तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेली असती आणि गाडीही मोजली गेली असती. घर तेच, चूल तीच, आणि पाचवा व नववा प्रश्न दोन्ही 'हो'. यात न्याय किती हा वाद घालण्यासारखा आहे, पण तो यादी करणाऱ्याने यादीत घालायचा नसतो. नियम विचित्र असेल तर प्रश्नातूनही तो तसाच विचित्र दिसू द्यावा, गोल करू नये.

सहाव्या प्रश्नाला अजून थोडं घासावं लागेल. रिक्षाच्या कर्जासाठी बँकेने रिटर्न मागितलं म्हणून कितीतरी चालक दरवर्षी रिटर्न भरतात आणि कर शून्य असतो. नियमातला शब्द 'आयकरदाता' आहे. पण बोलताना रिटर्नही 'भरतात' आणि करही 'भरतात', त्यामुळे 'हो, भरतो की' हे उत्तर दोन्हींना लागू पडतं. प्रश्नाखाली आणखी एक बारीक ओळ: 'नुसतं रिटर्न भरलं असेल आणि कर शून्य असेल तर माहीत नाही लिहा, पावती सोबत आणा.'

राहिली तारीख. २८ जून २०२४ च्या पहिल्या निर्णयात वयाची वरची मर्यादा साठ होती आणि पाच एकरांपेक्षा जास्त जमिनीचीही अट होती. ३ जुलैच्या सुधारणेत साठाचे पासष्ट झाले आणि जमिनीची अट गेली. पहिल्या दिवसांत छापलेल्या झेरॉक्स मात्र त्यानंतरही हातोहात फिरत राहिल्या, आणि त्यांवर तारीख नसल्यामुळे जुनी कोणती नि नवी कोणती हे कुणाला कळेना. वरचा कागदही जुलै २०२४ च्या मजकुरावरचाच आहे, पुढच्या फेरबदलांचा त्याला पत्ता नाही. म्हणून तळाशी कोणत्या निर्णयावरून तो केला त्याची तारीख, आणि प्रत्येक प्रश्नासमोर समासात मूळ अटीचा क्रमांक. सुधारणा आली की क्रमांक बघून नेमकी ती ओळ खोडायची आणि बाकीच्या ओळी न हलवता नवा कागद छापायचा, जुना गठ्ठा टेबलावरून उचलून.